पडदा का लुकलुकतो?

संगणकाचा पडदा 'हलतो' अशी तक्रार पुष्कळ जण करतात, पण हलतो म्हणजे नेमके काय होते, हे सांगताना अडखळतात. वास्तविक या बाबतीत मराठीइतकी सोय क्वचितच एखाद्या भाषेत असेल. दिवा मिणमिणतो, ज्योत फडफडते, चांदणी लुकलुकते, पाणी थरथरते, वीज लखलखते आणि डोळ्यांसमोर काजवे चमकतात. या प्रत्येक क्रियापदाचे चित्र वेगळे आहे, आणि पडद्याच्या बाबतीत तर प्रत्येकाचे कारणही बहुधा वेगळेच निघते. म्हणून दुरुस्तीस लागण्यापूर्वी योग्य क्रियापद शोधावे, असे मी सुचवीन. पडदा दोन-तीन सेकंद पूर्ण काळा होऊन पुन्हा उजळतो काय? चित्र शाबूत असून त्यात पांढरे ठिपके चमकून जातात काय? एखादी आडवी रेघ क्षणभर उठून नाहीशी होते काय? की सगळ्या पडद्याचा उजेडच कमीजास्त होत भगभगतो? या चार प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचा सारा विचार अवलंबून आहे.

पण आधी एक जुना समज दूर केला पाहिजे. काचेच्या नळीचे अवजड मॉनिटर आपल्या टेबलांवर होते त्या काळात 'रिफ्रेश रेट कमी म्हणून पडदा लुकलुकतो' हे विधान अक्षरशः खरे होते. त्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली एकेक ओळ रंगवीत जाई आणि ज्या ठिपक्यावरून झोत पुढे सरके तो ठिपका लगेच विझू लागे. सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवला तर दोन रंगवण्यांमधला अंधार पुष्कळांच्या डोळ्यांना, विशेषतः नजरेच्या कडेला, जाणवत असे; ७५ किंवा ८५ वेळा रंगवला की चित्र स्थिर भासे. आजच्या द्रवस्फटिकाच्या सपाट पडद्यात तसे घडत नाही. तेथे प्रत्येक ठिपका आपली छटा पुढील चित्र येईपर्यंत धरून ठेवतो आणि मागचा दिवा सतत जळत असतो. त्यामुळे ६० हर्ट्झवरही असा पडदा आपल्या स्वभावाने लुकलुकत नाही. गंमत अशी की आता तक्रार नेमकी उलटी येते: ६० वर पडदा शांत असतो आणि १४४ वर लुकलुकतो. जुन्या अनुभवाने विचार करणाऱ्यास हे चमत्कारिक वाटते. परंतु दोष आता पडद्याच्या विझण्यात नसून चित्र पडद्यापर्यंत पोचण्याच्या वाटेत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कोडे सुटू लागते.

त्या वाटेवरून किती माल जातो ते पाहू. हल्ली घरोघरी दिसू लागलेला २७ इंची, २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा मॉनिटर उदाहरणादाखल घेऊ. ठिपके झाले ३६ लाख ८६ हजार ४००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात, म्हणजे एका चित्राला ८ कोटी ८४ लाख ७३ हजार ६०० बिट. सेकंदाला ६० चित्रे पाठवायची तर ५.३ अब्ज बिट आणि १४४ पाठवायची तर १२.७ अब्ज. शिवाय दोन ओळींच्या व दोन चित्रांच्या मध्ये थोडा रिकामा अवकाश सोडावा लागतो. तो धरला म्हणजे हे आकडे अनुक्रमे ५.८ आणि सुमारे १४ अब्जांवर जातात. या रिकाम्या अवकाशाची आठवण ठेवावी. पुढे त्याचे काम आहे.

हा माल वाहून नेण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत, डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय. वरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात, पण त्यांच्या चालीत एक महत्त्वाचा फरक आहे आणि निदानाच्या दृष्टीने मला तो सर्वांत उपयोगाचा वाटतो. आपल्या मॉनिटरला चालणारी सर्वसाधारण एचडीएमआय जोडणी, म्हणजे २.० पर्यंतच्या आवृत्तीची, उतारावरच्या रस्त्यासारखी आहे: रिफ्रेश रेट जितका वाढवावा तितका तारेतला वेग त्याच प्रमाणात वाढतो. वरील मॉनिटर ६० हर्ट्झवर असताना तिच्या तीन तारजोड्यांपैकी प्रत्येकीतून सेकंदाला सुमारे २.४ अब्ज बिट धावतात आणि १४४ वर सहा अब्जांच्या जवळपास. डिस्प्लेपोर्ट मात्र जिन्यासारखा आहे. त्याच्या चार तारजोड्यांचे वेग ठरावीक पायऱ्यांवरच चालतात. २.७ अब्जांची पायरी घेतली तर चारही मिळून चित्रासाठी ८.६४ अब्ज बिट मिळतात. पुढची पायरी ५.४ अब्जांची, तिच्यावर १७.२८ अब्ज मिळतात. (चौपट करून आकडा जुळत नाही असे कोणास वाटेल, तर सांगतो: दर दहा बिटांतले दोन वाहतुकीच्या सोयीसाठी खर्ची पडतात.)

आता ६० हर्ट्झचे ५.८ अब्ज खालच्या पायरीत सहज मावतात. १४४ चे १४ अब्ज मावत नाहीत, त्यांना वरची पायरी हवी. आणि १२० चे काय? नुसत्या ठिपक्यांचेच १०.६ अब्ज होतात, म्हणजे त्यांनाही वरचीच पायरी हवी. तेव्हा डिस्प्लेपोर्टच्या तारेला १२० आणि १४४ यांत काही भेद कळत नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही वेळी बिट एकाच वेगाने धावतात. यातून एक सोपी कसोटी हाती लागते. ६० वर पडदा शांत, आणि १२० व १४४ या दोन्हींवर सारखाच बिघडत असेल तर संशय तारेवर घ्यावा. १२० वर शांत आणि १४४ वरच बिघडत असेल तर केबल बहुधा निर्दोष आहे. कारण अन्यत्र शोधावे. या कसोटीला मर्यादा एकच: काही ड्रायव्हर गरज नसतानाही नेहमी वरचीच पायरी धरून बसतात, आणि मग वाईट तारेचा दोष ६० वरही दिसू शकतो.

तारेत असे होते तरी काय? ५.४ अब्जांच्या पायरीवर एका बिटाचे आयुष्य सेकंदाच्या एक अब्जांशाचाही पाचवा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडे कमी असते. एवढ्या अवधीत तांब्याच्या केबलीतून संदेश जेमतेम चार सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे आपल्या टेबलामागच्या दोन मीटर केबलीत, एकेका तारजोडीत कोणत्याही क्षणी पन्नासेक बिट रांगेने चाललेले असतात. तार जितकी लांब आणि बारीक, तितके हे बिट वाटेत झिजतात. आणि वेग जितका अधिक तितकी झीज अधिक. जोडीतल्या दोन तारांच्या लांबीत किंवा पिळात फरक राहिला, टोकाशी डाग नीट बसला नाही, किंवा वरचे धातूचे आवरण निकृष्ट असले, की एक आणि शून्य यांच्या कडा एकमेकींत मिसळू लागतात. सावकाश वाचले तर कळणारे अक्षर घाईत वाचताना लागू नये, तसेच हे. त्याच केबलीतून ६० हर्ट्झ निर्वेध जावेत आणि १४४ जाऊ नयेत यात म्हणूनच काही विसंगती नाही.

चुकलेला बिट पुन्हा मागवण्याची सोय या वाहतुकीत नाही. चित्र पुढे निघून गेलेले असते. थोडे बिट चुकले तर एखादा ठिपका एका चित्रापुरता भलत्याच रंगाचा दिसतो; हेच ते चमकणारे काजवे. चुका वाढून मॉनिटरचा संदेशावरचा ताबाच सुटला तर पडदा काळा पडतो. मग संगणक आणि मॉनिटर आपसात नव्याने जुळवाजुळव करतात: संगणक ठरावीक नमुने पाठवतो, मॉनिटर ते ओळखू आले की नाही ते कळवतो, आणि जुळले की चित्र परत येते. त्या दोन-तीन सेकंदांच्या काळोखाचा अर्थ हा असा आहे. आपल्याकडे पंखा, ट्यूबलाइट किंवा इस्त्री बंद करताक्षणी पडदा असा मिटल्याचे अनेकांनी पाहिले असेल. बटणात उडालेल्या ठिणगीचा विद्युत्-गोंगाट कमकुवत आवरणाच्या केबलीत शिरतो. चांगल्या केबलीला त्याचे सोयरसुतक नसते.

केबल विकत घेताना वेष्टनावरच्या आवृत्तीच्या आकड्याला किंवा सोन्याच्या मुलाम्याला फार महत्त्व देऊ नये. मुलामा टोक गंजू देत नाही, एवढेच. वेगाशी त्याचा संबंध नाही. प्रमाणित डिस्प्लेपोर्ट केबलीवर DP8K, DP40 किंवा DP80 अशी खूण असते, आणि आपल्या मॉनिटरला यांतली कोणतीही पुरून उरते. एचडीएमआयमध्ये Ultra High Speed असा छाप आणि फोनने तपासता येणारे लेबल असलेली केबल घ्यावी. लांबी दीड ते दोन मीटरच ठेवावी.

येथवर तारेचे झाले. पण १२० वर शांत आणि १४४ वर बिघाड, असे जेथे दिसते तेथे काय? येथे त्या रिकाम्या अवकाशाकडे वळले पाहिजे. एक चित्र संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी जो अल्प विराम असतो तो मुळात नळीच्या मॉनिटरमधला झोत खालून पुन्हा वर नेण्यासाठी ठेवलेला होता. झोत गेला, विराम राहिला. आणि ग्राफिक्स कार्डाने त्याला नवे काम दिले. कार्डाची स्मृती काम नसताना वीज वाचवण्यासाठी मंद वेगाने चालते आणि काम आले की वेग घेते. हा वेग बदलताना स्मृतीतून वाचन क्षणभर थांबवावे लागते, आणि पडद्याला तर चित्र अखंड हवे असते. तेव्हा ड्रायव्हर हा बदल त्या विरामात उरकून घेतो, नाटकात पडदा पडला असता नेपथ्य बदलावे तसा. आता १४४ हर्ट्झवर एका चित्राला सुमारे ६.९ मिलिसेकंदच मिळतात, आणि वाहतूक मर्यादेत बसवण्यासाठी निर्माते पुष्कळदा विरामालाच कात्री लावतात. विराम अपुरा पडला तर ड्रायव्हरपुढे दोन वाटा राहतात. एक, स्मृतीचा वेग कायम चढाच ठेवायचा. पडदा स्थिर राहतो, पण संगणक रिकामा असतानाही कार्ड तापते. दुसरी, वेग बदलायचा आणि बदल चित्रात डोकावला तर डोकावू द्यायचा. तीच ती क्षणभर उठणारी आडवी रेघ किंवा झटका. विरामाचा अंदाज बांधण्यात ड्रायव्हर चुकला तरी हेच होते. निरनिराळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर एकाच कार्डाला जोडले तर अडचण आणखी वाढते, कारण दोघांचे विराम एका वेळी येत नाहीत.

या दोषाची खूण मोठी लोभस आहे. संगणक निवांत असताना, एखादे पान सरकवताना किंवा खिडकी उघडताना लुकलुक होते. पण भारी खेळ किंवा चित्रफितीचे जड काम चालू केले की पडदा एकदम शहाण्यासारखा वागू लागतो. जड कामात स्मृतीचा वेग चढलेलाच राहतो, बदलण्याचा प्रसंगच येत नाही. वाईट केबल अशी कामाच्या भाराप्रमाणे वागणूक बदलत नाही.

वडोदऱ्यास पुस्तकांच्या पानांची मांडणी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात हे दोन्ही दोष एकावर एक चढले होते. २०२३ साली त्याने वर वर्णिलेला मॉनिटर घेतला आणि टेबल खिडकीशी हलवल्यामुळे घरात पडून असलेली तीन मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल त्याला लावली. १४४ हर्ट्झवर दर काही मिनिटांनी पडदा काळा पडे, आणि पंखा बंद केला की हमखास पडे. ६० वर दिवसभर काही होत नसे. "सर, मॉनिटर परत करावा म्हणतो," असा त्याचा फोन आला. मी त्याला इतकेच विचारले की १२० वर काय होते? १२० वरही तसेच होत होते. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी केबल बदलून पाहा, असे मी सुचवले. दीड मीटरची प्रमाणित केबल लावताच काळे पडणे थांबले आणि १२० वर पडदा अगदी निश्चल झाला. परंतु १४४ वर एक नवीच गोष्ट लक्षात आली, जी आधीच्या मोठ्या उत्पातात झाकली गेली होती: मजकुराची पाने सरकवताना मधूनच एक बारीक आडवी रेघ लवून जाई. पाने छपाईच्या रूपात बाहेर काढण्याचे जड काम चालू असताना मात्र ती दिसत नसे.

केबल बदलूनही उरलेला दोष कोठे आहे हे पाहण्यासाठी त्याने दोन चाचण्या केल्या. त्या कोणासही करता येतात. पहिली, मॉनिटरच्या स्वतःच्या बटणाने त्याची यादी पडद्यावर आणायची. ती मॉनिटर आपली आपण काढतो, संगणकाकडून येत नाही. यादीही चित्राबरोबर थरथरत असेल तर दोष मॉनिटरच्या पटलात किंवा दिव्यात. यादी स्थिर आणि भोवतीचे चित्र तेवढे थरथरत असेल तर दोष अलीकडे, संगणकाच्या बाजूस. (पडदा पूर्ण काळा पडत असेल तर ही चाचणी निकामी ठरते, कारण तेव्हा यादीही जाते.) दुसरी विंडोजवर चालते: Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager उघडायचा. त्याच्यासकट सर्व काही लुकलुकत असेल तर ड्रायव्हर तपासावा. तो एकटा स्थिर असेल तर दोष एखाद्या प्रोग्रॅमचा. आमच्या विद्यार्थ्याच्या येथे यादी स्थिर निघाली आणि Task Manager वरूनही रेघ गेली. ड्रायव्हर, असा निकाल झाला. ड्रायव्हरची नवी आवृत्ती येईपर्यंत त्याने १२० वर काम चालवले. स्थिर मजकुराच्या पानांवर १२० आणि १४४ यांतला फरक ओळखणारा मनुष्य मला तरी भेटलेला नाही.

वीजबचतीच्या कळींचा भाग राहिला. लॅपटॉपच्या अंगच्या पडद्यावर लुकलुक होत असेल तर केबलीचा विचार बहुधा मागे ठेवावा आणि प्रथम Panel Self Refresh या सोयीकडे पाहावे. चित्र स्थिर असले म्हणजे पडदा स्वतःजवळच्या छोट्या स्मृतीतून तेच चित्र दाखवत राहतो आणि संगणक पाठवणे थांबवून वाहतुकीला झोपवतो. आपण कर्सर हलवला की तिला जागे करावे लागते. हे जागे होणे नीट साधले नाही की झटका दिसतो. खूण अशी की कर्सर सतत फिरवत राहिले तर लुकलुक थांबते, आणि हात थांबवून पुन्हा हलवला की येते. इंटेलच्या ग्राफिक्सच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय वीजबचतीच्या पानावर बंद करता येते. लिनक्स वापरणाऱ्यांनी संगणक सुरू होतानाच्या आज्ञेत हे जोडावे:

```
i915.enable_psr=0
```

याच्या बदल्यात बॅटरी थोडी लवकर संपते. विंडोजच्या Power Options मधील Link State Power Management ही कळही कार्डाकडे जाणारी वाट अशीच झोपवते. टेबलावरच्या संगणकात ती Off करून पाहण्यात काही तोटा नाही. लॅपटॉपला चार्जर लावताना किंवा काढताना पडदा एकदाच मिटत असेल तर मात्र काळजी करू नये. बॅटरीवर रिफ्रेश रेट आपोआप उतरवणारे लॅपटॉप असतात, आणि रेट बदलताना तेवढा डोळा मिटणारच.

उजेडच भगभगत असेल तर प्रकरण निराळे आहे. खेळ खेळणाऱ्यांसाठी हल्लीचे मॉनिटर रिफ्रेश रेट क्षणोक्षणी बदलू देतात. द्रवस्फटिकाचा ठिपका आपली छटा धरून ठेवतो खरा, पण ती हळूहळू किंचित ओसरतेही, आणि किती ओसरावी याचा हिशेब ठरावीक रेट धरून केलेला असतो. रेट वरखाली झाला की गडद राखाडी भागांत उजेड डळमळतो. येथे केबल बदलून किंवा ड्रायव्हर नवा घालून फारसे साधत नाही. ती सोय बंद करणे, किंवा चित्रांचा वेग एका जागी बांधून ठेवणे, एवढेच हाती राहते. उजेड कमी केल्यावरच डोळे दुखतात अशी तक्रार असेल तर तिचा संबंध मागच्या दिव्याशी असण्याचा संभव आहे: काही मॉनिटर मंद उजेडासाठी तो दिवा सेकंदाला शेकडो वेळा विझवतात व पेटवतात, मग रिफ्रेश रेट कोणताही असो.

वडोदऱ्याच्या त्या संगणकाचे पुढे असे झाले. काही महिन्यांनी ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली, ती घालून त्याने पुन्हा १४४ लावले, आणि रेघ गेली होती. पण रिकाम्या बसलेल्या संगणकाचा पंखा आता ऐकू येऊ लागला. कार्डाच्या स्मृतीचा वेग पाहिला तर तो काम असो नसो, चढाच राहत होता. म्हणजे ड्रायव्हरने दोन वाटांपैकी पहिली धरली होती. त्याने रेट १२० वर आणला, स्मृती पुन्हा मंद झाली आणि पंख्याचा आवाज थांबला. तेव्हापासून तो १२० वरच काम करतो.